घरचं मेयोनीज: लिंबानं जंतू मरत नाहीत, बलक आधी तापवा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात आता सँडविच, मोमो, शोरमा, रोल सगळ्याबरोबर मेयोनीज लागतं. गाड्यावर लागतं तसं घरच्या वाढदिवसालाही लागतं. घरी करायची रीत बहुतेकांना एकच ठाऊक असते: मिक्सरमध्ये कच्चं अंडं, लिंबू, मीठ, वरून तेलाची धार, आणि झालं की फ्रिजमध्ये. ही रीत चुकते ती चवीत नाही, क्रमात. साल्मोनेला जंतू मारणारी पायरी तिच्यात कुठेच नाही. ती पायरी कुठे आणि कशी घालायची, हे खाली क्रमानं दिलं आहे.

## आधी एक गैरसमज दूर करू: लिंबू आणि फ्रिज

साल्मोनेला अंड्याच्या कवचावर असतो, कोंबडीच्या विष्ठेतून आलेला. तो आतही असू शकतो. काही प्रकारचे साल्मोनेला कोंबडीच्या अंडाशयात राहतात, त्यामुळे कवच तयार होण्याआधीच जंतू अंड्यात शिरलेला असतो. असं अंडं दिसायला स्वच्छ असतं, वास येत नाही, पाण्यात टाकलं तर ताज्या अंड्यासारखं तळाला बसतं. पाण्यात बुडवून बघणं ही ताजेपणाची परीक्षा आहे, जंतूची नाही.

जवारी अंड्याचंही तेच. परसातली कोंबडी निरोगी दिसते म्हणून तिचं अंडं कच्चं खाण्याजोगं होत नाही. लेअर फार्मचं असो वा जवारी, खाली दिलेली काळजी दोन्हीला सारखीच लागते.

अंड्याच्या पांढऱ्यात हा जंतू सहसा वाढत नाही, कारण तिथे त्याला लोह मिळत नाही आणि जंतूंना रोखणारी प्रथिनं असतात. पण अंडं उबेत पडून राहिलं की बलकाभोवतीचा पातळ पडदा सैल होतो, बलकातलं पोषण बाहेर झिरपतं आणि जंतू झपाट्यानं वाढतो. एप्रिल-मे महिन्यात दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवलेल्या ट्रेमध्ये हेच घडत असतं.

आता लिंबाचं बघू. आम्ल साल्मोनेलाला मारतं हे खरं आहे, पण ते पुरेसं लागतं आणि त्याला वेळ लागतो, बऱ्याचदा एक दिवस किंवा त्याहून जास्त. घरी आपण लिंबू चवीपुरतं पिळतो. एका लिंबाचा रस दुसऱ्यासारखा आंबट नसतो, म्हणून आम्ल किती पडलं याचा हिशेब राहत नाही. सारख्याच आंबटपणाला लिंबाच्या आम्लापेक्षा व्हिनेगरचं आम्ल या जंतूवर जास्त चालतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

पुढची गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. आम्लाचं काम उबेत लवकर होतं आणि थंडीत मंदावतं. मेयोनीज केलं आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवलं, तर जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. आम्लाला काम करू द्यावं म्हणून बाहेर ठेवलं आणि आम्ल कमी पडलेलं असलं, तर तिथे जंतू वाढतात. घरच्या अंदाजी लिंबावर दोन्ही वाटा बंद होतात. उरते ती उष्णता, आणि तीही तेल घालण्याआधी, कारण तयार मेयोनीज तापवलं तर ते फुटतं.

> लक्षात ठेवा: तयार मेयोनीज उकडलेल्या बटाट्यात किंवा चिकनमध्ये कालवलं की त्यातलं उरलंसुरलं आम्लही पातळ होतं. म्हणून सॅलड हे नुसत्या मेयोनीजपेक्षा जास्त जपायचं.

## १. तयारी

एवढं साहित्य काढा. यातून साधारण दीड वाटी मेयोनीज होतं, म्हणजे पंधरा-वीस सँडविचना पुरेल इतकं.

- अंड्याचे बलक: २
- व्हिनेगर: २ मोठे चमचे (३० मिली)
- पाणी: २ मोठे चमचे (३० मिली)
- साखर: अर्धा लहान चमचा
- पिवळ्या मोहरीची बारीक पूड: १ लहान चमचा
- मीठ: अर्धा लहान चमचा
- रिफाइंड सूर्यफूल तेल: १ कप (२४० मिली)

घाण्याचं शेंगतेल इथे नको. कच्चं तेल असल्यामुळे त्याचा वास पुढे येतो आणि बाकी काही लागत नाही.

भांडी तीन लागतात: पाणी उकळायला एक पातेलं, त्यावर बसेल अशी स्टीलची खोलगट वाटी, आणि मिक्सरचं लहान चटणीचं भांडं. मोठ्या भांड्यात दोन बलक पात्यांच्या खालीच राहतात, फिरत नाहीत. चटणीच्या भांड्याची पाती खोलता येत असतील तर खोलून त्याखालची रबरी रिंग काढून धुवा. मागच्या वेळचं तेल आणि अंडं तिथेच साचलेलं असतं, आणि नुसतं पाणी फिरवून ते निघत नाही. भांडं धुऊन पूर्ण कोरडं करा.

शक्य असेल तर टोकदार दांड्याचा डिजिटल थर्मामीटर घ्या. त्याची परीक्षा घरीच होते. बर्फ घातलेल्या पाण्यात तो ० च्या आसपास दिसला पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र बेळगावात १०० दिसणार नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी ९७ ते ९८ अंशांवरच उकळतं. आकडा ९७.५ वर थांबला तर थर्मामीटर बिघडला असं समजून परत द्यायला जाऊ नका, तो बरोबर आहे.

## २. अंडी निवडणं आणि फोडणं

तडा गेलेलं अंडं या कामाला घेऊ नका. ऑम्लेटला ते चालवून घेतलं जातं, कारण तिथे ते पूर्ण शिजतं. विष्ठा लागलेलं अंडंही बाजूला ठेवा.

आणल्या आणल्या सगळा ट्रे नळाखाली धुऊन ठेवण्याची सवय असेल तर ती मोडा. कवचाला बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक थर असतो, तो धुण्यानं जातो. शिवाय कोमट अंडं गार पाण्यात पडलं की आतला भाग आकसतो आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. तसंच, अंडी एकदा फ्रिजमध्ये ठेवली की पुन्हा बाहेर काढून ठेवू नका. कवचावर जो घाम धरतो, तो जंतूला आत जायची वाट करून देतो. लागतील तेवढीच काढा, लगेच फोडा.

प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा. बलक वेगळा करताना तो कवचाच्या दोन अर्ध्या भागांत इकडून तिकडे करायची पद्धत सगळीकडे दिसते. तीच इथे नको, कारण बलक कवचाच्या बाहेरच्या कडेला घासत जातो. धुतलेल्या हातात अंडं ओता आणि बोटांतून पांढरं गळू द्या, किंवा चमच्यानं बलक उचला. लगेच साबणानं हात धुवा, मग मिठाचा डबा उघडा. घरात जंतू पसरतो तो बऱ्याचदा अशाच हातानं: डब्याचं झाकण, फ्रिजची मूठ, ओटा पुसायचं फडकं.

> तपासा: बलक वाटीत पडला, हात धुतले, कवचं कचऱ्यात गेली, ओटा पुसला. हे चारही झाल्याशिवाय शेगडी पेटवू नका.

## ३. बलक तापवणं

सगळा लेख या पायरीसाठी आहे, म्हणून इथे घाई करू नका.

नुसता बलक तापवला तर ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान तो घट्ट होऊन गाठी धरतो. साल्मोनेला खात्रीनं आणि चटकन मरण्यासाठी ७१ अंश गाठायचे असतात. हा तिढा पाणी, व्हिनेगर आणि साखर सोडवतात. बलक पातळ झाला की तो जास्त तापमानापर्यंत गाठी न धरता टिकतो. पाणी आणि व्हिनेगर आधीच घालायचं ते एवढ्यासाठी.

स्टीलच्या वाटीत दोन बलक, व्हिनेगर, पाणी आणि साखर एकत्र फेटा. मीठ आणि मोहरी आत्ता नको. खारवलेल्या बलकात जंतू उष्णतेला जास्त वेळ दाद देत नाहीत, म्हणून मीठ नंतर घालायचं.

पातेल्यात दोन बोटं पाणी घेऊन मंद उकळी आणा आणि वाटी वर बसवा. वाटीचा बूड पाण्याला टेकता कामा नये. आता लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथन्यानं सतत ढवळत राहा, तळ खरवडत आणि मुख्य म्हणजे कडा खरवडत. मिश्रण फेटताना वाटीच्या वरच्या कडेला बलकाचा पातळ थर लागलेला असतो. तो मिश्रणात उतरला नाही तर कच्चाच राहतो, आणि शेवटी ओतताना तयार बलकात मिसळतो. उरलेला सगळा बलक नीट तापवूनही काम फुकट जातं ते या एका कडेमुळे.

तीन ते पाच मिनिटांत मिश्रण आधी फेसाळतं, मग फेस बसतो, आणि ते पातळ बासुंदीसारखं होतं. थर्मामीटर लावायचा तेव्हा वाटी थोडी कलती करा. मिश्रण जेमतेम १०० मिली असतं, सपाट वाटीत टोक पूर्ण बुडत नाही आणि तो वाटीचं किंवा हवेचं तापमान दाखवतो. ७२ ते ७५ अंश दिसले की आणखी अर्धा-एक मिनिट ढवळून वाटी उतरवा. पहिल्यांदा मोजताना तापमान कमी आलं तर थर्मामीटरचं टोक धुऊन मगच पुन्हा बुडवा, कारण त्याला तेव्हाचा कच्चा बलक लागलेला असतो. उलथनंही शेवटच्या मिनिटाला बदलून स्वच्छ घ्या.

थर्मामीटर नसेल तर एकच भरवशाची खूण आहे. ढवळणं क्षणभर थांबवल्यावर मिश्रणात एक-दोन ठिकाणी बुडबुडा फुटला पाहिजे. तो दिसला की लगेच उतरवा आणि वाटी तशीच चार मिनिटं राहू द्या. चमच्याच्या पाठीवर थर धरला आणि बोटानं ओढलेली रेघ राहिली, ही खूण मेयोनीजसाठी पुरेशी समजू नका. ती ७१ च्या आधीही दिसते.

> सावध: मिश्रणात रव्यासारखे दाणे दिसले तर आच जास्त झाली. हे खायला धोक्याचं नाही, फक्त दाणेदार लागेल. मिक्सरमध्ये फिरवल्यावर बरंचसं सारखं होतं. फेकायची गरज नाही, आणि पुढच्या वेळी भीतीनं लवकर उतरवायचीही नाही.

स्टॉलसाठी जास्त करायचं असेल तर वीस बलक एकदम एका भांड्यात घेऊ नका. मोठ्या गोळ्याचा मधला भाग उशिरा तापतो. शिवाय एका अंड्यात जंतू असला तर तो सगळ्या घाण्यात मिसळतो आणि शंभर सँडविचांपर्यंत जातो. सहा-आठ बलकांचे घाणे करा आणि प्रत्येकाचं तापमान दोन-तीन जागी मोजा. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणानं ३० ऑक्टोबर २०२४ पासून आणि तमिळनाडूनं ८ एप्रिल २०२५ पासून एका वर्षाची बंदी घातली होती. धंदा करणाऱ्यांनी ही पायरी शिकून घेण्याला तेवढंही कारण पुरेसं आहे.

## ४. गार करून तेल घालणं

वाटी गार पाण्याच्या ताटात ठेवून मिश्रण बोटाला कोमट लागेपर्यंत ढवळा. बोट वाटीच्या बाहेरून लावा, मिश्रणात नको. कडकडीत गरम बलकात तेल ओतलं तर ते धरत नाही, आणि तासभर बाहेर ठेवून गार करणंही नको.

कोमट मिश्रण चटणीच्या कोरड्या भांड्यात ओता, मीठ आणि मोहरी घालून दहा सेकंद फिरवा. मग मिक्सर चालू ठेवून झाकणाच्या भोकातून तेल घाला. पहिले चार-पाच चमचे अगदी थेंबाथेंबानं, त्यानंतर दोरीइतकी बारीक धार. मिक्सरचा आवाज बदलून जड झाला की मेयोनीज धरलं असं समजा. भोक नसलेल्या भांड्याला दर वेळी थांबवून दोन-दोन चमचे घालावे लागतात, वेळ लागतो पण होतं.

फुटलं, म्हणजे तेल वेगळं आणि पाणी वेगळं दिसलं, तर बहुतेक रेसिपींत सांगितलेला उपाय असतो की नवा बलक घेऊन त्यात फुटलेलं मिश्रण घाला. तो करू नका. तापवून केलेल्या सगळ्या कामावर तो एक कच्चा बलक पाणी फिरवतो. त्याऐवजी भांड्यात एक चमचा कोमट पाणी आणि पाव चमचा मोहरीची पूड घ्या, फिरवा, आणि फुटलेलं मिश्रण चमच्या-चमच्यानं त्यात परत घाला.

## ५. ठेवणं आणि वाढणं

उकळत्या पाण्यानं धुऊन वाळवलेल्या काचेच्या बरणीत भरा आणि लगेच फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, तिथे दर वेळी उघडताना ऊब लागते. तीन दिवसांत संपवा. बरणीवर तारीख लिहा. वीज बराच वेळ गेली आणि बरणी हाताला गार लागेनाशी झाली तर टाकून द्या.

एक उदाहरण घेऊ. मे महिन्यातला वाढदिवस, संध्याकाळी सहाला पाहुणे. मेयोनीज दुपारी दोनला झालं तर ते साडेपाचपर्यंत फ्रिजमध्येच राहू द्या, सँडविच दोनला लावून ठेवू नका. साडेपाचला काढा, लावा, वाढा. बाहेर ते जास्तीत जास्त दोन तास राहावं, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. साडेसहाला वाडग्यात जे उरेल ते बरणीत परत जात नाही. वाडग्यात चमचे, पाव, हात सगळं बुडालेलं असतं. म्हणून वाडगा लहान ठेवा आणि लागेल तसं फ्रिजमधून भरा.

गाड्यावर वरून दाबायची प्लास्टिकची बाटली असते, तिथली नेहमीची चूक म्हणजे तळाशी उरलेल्यावर नवं ओतणं. त्या तळाला कालचं आणि परवाचं साठत जातं. बाटली रिकामी करा, तोटीसकट गरम पाण्यानं धुवा, वाळवा, मगच भरा. दोन बाटल्या ठेवल्या तर एक वाळेपर्यंत दुसरी वापरता येते.

## अंडं नकोच असेल तर

घरात गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल तर दुधाचं मेयोनीज करा. उंच, अरुंद ग्लासात फ्रिजमधलं १०० मिली थंड दूध, २०० मिली तेल, अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा मोहरीची पूड घ्या. हँड ब्लेंडर तळाला टेकवून चालू करा आणि खालून पांढरं घट्ट वर येईपर्यंत हलवू नका. मग हळूहळू वर घ्या. शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर मिसळा, त्यानं आणखी घट्ट होतं. पाकिटाचं पाश्चराइज्ड दूध तसंच चालतं. गवळ्याचं किंवा घरच्या म्हशीचं दूध मात्र उकळून, साय काढून, पूर्ण थंड करूनच. अंडं टाळलं आणि कच्चं दूध घातलं तर जंतू दुसऱ्या दारानं आत आले. हे दोन दिवसांत संपवा.

## कच्च्या अंड्याचे बाकीचे पदार्थ

तालमीतल्या पोरांना दुधात कच्चं अंडं फोडून देण्याची रीत या भागात अजून आहे. त्यात धोका आहेच, शिवाय फायदाही कमी. कच्च्या अंड्यातलं जेमतेम निम्मं प्रथिन अंगाला लागतं, शिजवलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास. अंडी पाणी उकळल्यावर सोडून बारा मिनिटं उकडा, दूध वेगळं प्या. समुद्रकाठच्या रेसिपीत दहा मिनिटं लिहिलेली असली तरी इथल्या उंचीवर एक-दोन मिनिटं जास्त लागतात.

हाफ फ्रायला झाकण ठेवा, आच मंद करा आणि बलक घट्ट होईपर्यंत थांबा. केकवरच्या कच्च्या पांढऱ्याच्या आयसिंगसाठी पांढरं आणि साखर वर दिलेल्या पद्धतीनंच वाफेवर ७१ अंशांपर्यंत तापवा, साखर विरघळून मिश्रण गरम झालं की मग फेटा. तिरामिसू आणि मूसमध्ये बलक साखरेसोबत तसाच तापवायचा. तुमच्याकडे मेयोनीजमधून उरलेली दोन पांढरी आहेत, ती झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी भुर्जीत घाला.

## खाऊन झाल्यावर त्रास झाला तर

ताप, पोटात कळा, जुलाब, मळमळ ही लक्षणं खाल्ल्यानंतर ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत कधीही सुरू होतात. म्हणून काल रात्रीच्या जेवणावर बोट ठेवण्याआधी परवाचं सँडविचही आठवा. ओआरएस लगेच सुरू करा. घरात उरलेली अँटिबायोटिक किंवा जुलाब बांधणारी गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका, मुलांना तर नाहीच. ३९ अंशांच्या वर ताप, शौचातून रक्त, लघवी कमी होणं, पाणीही पोटात न राहणं किंवा तीन दिवसांत जुलाब न थांबणं, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरकडे जा. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर एवढी वाट न बघता पहिल्याच दिवशी जा, आणि कच्चं अंडं खाल्लं होतं हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.